मामा की काका?

चार वर्षांचा मुलगा पायरीवरून पडला आणि त्याचा ओठ आतून फाटला. जखम नखाएवढी होती, पण रक्त दोन दिवस झिरपत राहिलं. त्याआधी एकदा त्याचा गुडघा टम्म फुगला होता. तेव्हा मुका मार समजून घरच्यांनी हळदीचा लेप लावला होता. या वेळी रक्त तपासलं. रक्त गोठवणारा आठव्या क्रमांकाचा घटक शंभर असायला हवा, तिथे जेमतेम दोन निघाला. म्हणजे हिमोफिलिया. हे कुटुंब कल्पनेतलं आहे, आजार मात्र खरा आहे.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा त्रास?" आईवडील एका सुरात म्हणाले, "नाही, कुणालाच नाही." डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि कोरा कागद पुढे ओढला.

या कागदावर जे चित्र उमटतं त्याला दवाखान्यात पेडिग्री म्हणतात. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे गोल. दोघांना जोडणारी आडवी रेघ म्हणजे लग्न, त्या रेघेतून खाली उतरलेली उभी रेघ म्हणजे मुलं. ज्याला आजार आहे त्याचा चौकोन किंवा गोल काळा करायचा. लग्न नात्यातलं असेल तर आडवी रेघ दुहेरी काढायची. ज्याच्यामुळे चौकशी सुरू झाली त्याच्याकडे छोटा बाण. इथे बाण चार वर्षांच्या मुलाच्या चौकोनाकडे. त्याच्या वर आई आणि वडील, दोघंही कोरे. शेजारी सात वर्षांची बहीण, तीही कोरी.

एवढ्यावरून काय कळतं? खरं तर काहीच नाही. आजार आनुवंशिक असेल एवढंच म्हणता येतं. तो कुठल्या वाटेने आला, हे एक काळा चौकोन सांगू शकत नाही. वाटा मुख्यतः तीन.

आपल्या बहुतेक जनुकांच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. काही आजारांत दोनपैकी एक प्रत बिघडली तरी पुरतं. उरलेल्या चांगल्या प्रतीचं काम अपुरं पडतं, नाहीतर बिघडलेली प्रत असं काही बनवते की चांगलीचाही खेळ मोडतो. ही प्रभावी आनुवंशिकता. तिचं चित्र ओळखायला सोपं असतं: दर पिढीत कुणीतरी काळं, बायका आणि पुरुष दोन्ही, आणि आजारी माणसाच्या प्रत्येक मुलाला पन्नास टक्के धोका. बापाकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे, अशी सरळ शिडी उतरताना दिसते. आपल्या मुलाचे आईवडील दोघंही कोरे आहेत, म्हणून ही वाट जरा मागे पडते.

जरा मागे पडते, बाद होत नाही. हंटिंग्टन हा मेंदूचा आजार प्रभावी आहे, पण त्याची लक्षणं बहुधा तिशी-चाळिशीनंतर दिसू लागतात. पंचविशीतला कोरा चौकोन आणखी वीस वर्षांनी काळा होऊ शकतो. म्हणून जाणकार माणूस चौकोनाखाली वय लिहितो. गेलेल्या माणसाचं जातानाचं वयही लिहितो. हिमोफिलियात हा प्रश्न येत नाही, तो लहानपणीच आपली ओळख देतो.

दुसरी वाट अप्रभावी आनुवंशिकतेची. इथे एक चांगली प्रत काम निभावून नेते. आजार व्हायचा तर दोन्ही प्रती बिघडलेल्या हव्यात, म्हणजे आई आणि वडील दोघांकडूनही बिघाड यायला हवा. थॅलसेमियाचं हेच आहे. मायनर म्हटलं जातं ते आईबाप धडधाकट असतात. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात मेजर थॅलसेमियाची शक्यता चारात एक. चित्रात वरच्या पिढ्या कोऱ्या आणि एकाच रांगेत, भावंडांत, एखाददुसरा काळा. पण घरात एक-दोनच मुलं असतील तर ती रांगही दिसत नाही. आजार आभाळातून पडल्यासारखा वाटतो.

थॅलसेमियाच्या घरांत एक हिशेब हमखास चुकतो. आजारी मुलाची मोठी बहीण निरोगी आहे. ती वाहक असण्याची शक्यता किती? बरेच जण निम्मी म्हणतात. चार शक्यता मांडून पाहा: एक आजारी, दोन वाहक, एक पूर्ण मोकळं. बहीण आजारी नाही हे आपल्याला आधीच माहीत आहे, म्हणून पहिली शक्यता पुसून टाकायची. उरल्या तीन, त्यांतल्या दोन वाहकाच्या. म्हणजे तीनात दोन.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं?" नाही. दुहेरी रेघ आली नाही. मग त्या कोपऱ्यात बसलेल्या मुलाच्या आजीकडे, आईच्या आईकडे वळल्या. "आजी, तुमच्या माहेरी कुणी?"

"थोरला भाऊ होता ना माझा. दाढ काढली आणि रक्त थांबलंच नाही. तिसऱ्या दिवशी गेला. पण तो माझ्या माहेरचा हो. तुम्ही घरात कुणी म्हणून विचारलंत."

"आणि तुमचा मुलगा? या बाळाचा मामा?"

"त्याला काही नाही. गुडघ्यात वात आहे, लंगडतो थोडा. लहानपणापासूनच."

कागदावर दोन नवे काळे चौकोन उमटले. गुडघ्यातला वात म्हणजे सांध्यात वारंवार झालेला रक्तस्राव होता. पुढे मामाची तपासणी झाली, त्याचाही घटक दोनच्या आसपास निघाला. आता चित्र बोलू लागलं. आजीचा भाऊ, आजीचा मुलगा, आजीचा नातू. तिघेही पुरुष, आणि तिघांना जोडणाऱ्या मधल्या बायका धडधाकट. ही तिसरी वाट, एक्स-संलग्न आनुवंशिकतेची.

बाईकडे एक्स गुणसूत्रं दोन असतात. पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. घटक आठचं जनुक एक्सवर आहे. बाईची एक प्रत बिघडली तर दुसरी सांभाळून घेते. पुरुषाकडे दुसरी नसतेच. मुलाला एक्स फक्त आईकडून मिळतो, कारण वडील त्याला वाय देतात. म्हणून वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलीला वाहक होण्याची शक्यता निम्मी. वडिलांकडून मुलाकडे मात्र हा आजार जाऊच शकत नाही. पेडिग्रीत बापलेकांची अशी एक जोडी जरी पक्की सापडली, तरी ही वाट सोडून द्यावी लागते. फक्त मुलाच्या आईकडेही तोच आजार नाही ना, एवढं पाहून घ्यायचं.

इथे आपल्या भाषेचा मोठा उपयोग होतो. इंग्रजीत आजारी काका आणि आजारी मामा यांना एकच शब्द आहे. पुढे विचारावं लागतं की आईचा भाऊ की वडिलांचा. मराठीत नात्याच्या नावातच वाट सांगितलेली असते. हिमोफिलिया हा मामा-भाच्यांचा आजार आहे. काका लंगडत असता तर या मुलाच्या बाबतीत त्याने काही सिद्ध झालं नसतं.

भाषा मदतीला येते, कागदपत्रं मात्र दगा देतात. आपल्याकडचे कुलवृत्तांत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांची नावं ओळीने देतात आणि मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच थांबते. हा आजार नेमका त्या थांबलेल्या फांद्यांतून पुढे सरकतो आणि दर पिढीला आडनाव बदलतो. आजीच्या भावाचं आडनाव वेगळं, मामाचं वेगळं, नातवाचं वेगळं. "घरात कुणाला नाही" असं आईवडील मनापासून म्हणाले, ते त्यामुळेच.

आजी वाहक, हे आता नक्की. तिचा भाऊ आणि मुलगा दोघं आजारी आहेत. मुलाची आईही वाहक, कारण तिचा भाऊ आणि मुलगा आजारी आहेत. मागे कुणीच सापडलं नसतं तर असं ठामपणे म्हणता आलं नसतं. हिमोफिलियाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात घराण्यात आधीचा रुग्ण नसतो. बिघाड त्या मुलात किंवा त्याच्या आईत नव्याने झालेला असू शकतो.

मग मावशीचा प्रश्न निघाला. तिला दोन मुलगे, दोघंही ठणठणीत. "म्हणजे मी सुटले ना?" तिने विचारलं. डॉक्टरबाईंनी कागदाच्या मागे हिशेब मांडला. आजीच्या मुलीला बिघडलेला एक्स मिळण्याची शक्यता निम्मी. अशा चारशे मावश्या धरा, प्रत्येकीला दोन मुलगे. दोनशे वाहक नाहीत. त्यांचे मुलगे निरोगीच असणार. दोनशे वाहक आहेत. त्यांच्यापैकी पन्नास जणींचे दोन्ही मुलगे निव्वळ नशिबाने निरोगी निघतील. निरोगी मुलग्यांच्या आया एकूण अडीचशे, त्यांत वाहक पन्नास. पाचात एक. दोन निरोगी मुलग्यांनी मावशीची शक्यता पन्नासवरून वीस टक्क्यांवर आणली, शून्यावर नाही.

ती शून्य आहे की शंभर, हे जनुकाची तपासणीच सांगते. आधी मुलाच्या रक्तातून बिघाड नेमका कुठला ते शोधायचं आणि मग मावशीत तोच आहे का ते पाहायचं. नुसतं घटक आठचं प्रमाण पुरत नाही. बाईच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स बंद झालेला असतो. मेरी लायन यांनी 1961 मध्ये ही कल्पना मांडली. कुठल्या पेशीत कुठला एक्स बंद होणार हे बहुतांशी योगायोगावर असतं. त्यामुळे एखाद्या वाहक बाईचं प्रमाण अगदी सर्वसाधारण येतं आणि एखादीचं इतकं कमी की तिलाच बाळंतपणात फार रक्त जातं. वाहक बाई म्हणजे निरोगी बाई, हे अर्धंच खरं.

मामाला एक मुलगा, एक मुलगी. घरच्यांना काळजी मुलाची. प्रत्यक्षात मुलगा पूर्ण मोकळा आहे, त्याच्याकडे मामाचा वाय आला. मुलगी मात्र नक्कीच वाहक, कारण मामाकडे द्यायला तोच एक बिघडलेला एक्स होता. तिची शक्यता मोजायची गरजच नाही.

आणि महाराष्ट्रात अनेक समाजांत मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क मानतात. पुढे हा मुलगा मोठा झाला आणि मामाच्या या मुलीशी त्याचं लग्न लागलं, तर कागदावर दुहेरी रेघ येईल आणि खाली एक दुर्मिळ गोष्ट दिसेल. होणाऱ्या मुलींना वडिलांकडून बिघडलेला एक्स मिळणारच, आणि आईकडूनही तो मिळण्याची शक्यता निम्मी. काळा गोल, म्हणजे हिमोफिलिया असलेली बाई, अशी तयार होते. डॉक्टरबाईंनी हे सांगितल्यावर आजी हसल्या. "लहानपणापासून चिडवतो हो आम्ही त्यांना त्यावरून," म्हणाल्या, आणि गप्प झाल्या.

शेवटी राहिली सात वर्षांची बहीण. आईचा तिच्याविषयीचा प्रश्न उघड होता: हीसुद्धा वाहक आहे का? वाहक असलेल्या बाईच्या गोलात मधोमध एक ठिपका देतात. डॉक्टरबाईंनी आजीच्या आणि आईच्या गोलात ठिपके दिले, मामाच्या मुलीच्या गोलातही दिला. मावशीच्या गोलापाशी प्रश्नचिन्ह. बहिणीच्या गोलापाशीही प्रश्नचिन्हच. जनुकाची तपासणी तिने मोठं होऊन स्वतः ठरवून करावी, असं त्या म्हणाल्या. घटकाचं प्रमाण मात्र आत्ताच पाहून घ्यायचं. गोलाखाली त्यांनी पेन्सिलने बारीक लिहिलं: दात काढण्याआधी, टॉन्सिलच्या ऑपरेशनआधी, पहिल्या पाळीआधी.