मॅकला प्रिंटर जोडताना तळाशी एकदा पाहा

मॅक लॅपटॉपला वाय-फायवरचा प्रिंटर जोडणं अगदी सोपं आहे, आणि घोळ होतो तो बहुधा त्यामुळेच. System Settings मध्ये Printers & Scanners उघडायचं, प्रिंटर जोडायचं बटण दाबायचं, यादीत प्रिंटरचं नाव दिसलं की ते निवडून Add म्हणायचं. खिडकीच्या तळाशी Use नावाची एक ओळ असते. तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. पण प्रिंटरशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे तिथेच ठरतं.

त्या ओळीत बहुतेक वेळा AirPrint आपोआप आलेलं असतं. ॲपलने ही पद्धत 2010 साली आधी आयफोन-आयपॅडसाठी आणली, पुढच्या वर्षी मॅकवर. तिच्यात वेगळा ड्रायव्हर लागत नाही. कोणते कागद चालतात, रंग आहे का, दोन्ही बाजूंनी छापता येतं का, हे मॅक थेट प्रिंटरलाच विचारतो आणि मिळालेल्या उत्तरांप्रमाणे छपाईची खिडकी मांडतो. घरातल्या साध्या इंकजेट किंवा लेझर प्रिंटरला एवढं पुरतं. अशा वेळी कंपनीचं भलंमोठं सॉफ्टवेअर उतरवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातलं निम्मं शाई विकण्यासाठीच असतं.

ऑफिसात चित्र बदलतं. समजा, एका सीएच्या ऑफिसात भाड्याने घेतलेलं मोठं मल्टिफंक्शन मशीन आहे आणि कोणी किती पानं काढली हे कळावं म्हणून प्रत्येकाला एक कोड दिलेला आहे. नवा कर्मचारी आपल्या मॅकबुकवर AirPrint ने तेच मशीन जोडतो आणि प्रिंट देतो. लॅपटॉपवर काम पूर्ण झालेलं दिसतं, पण मशीनमधून कागद येत नाही. तक्रार वाय-फायची होते, मशीन बंद-चालू केलं जातं. खरं कारण मशीनच्या पडद्यावर, कामांच्या यादीत सापडतं: तिथे ते काम रद्द झालेलं असतं. छपाईच्या खिडकीत कोड टाकायला जागाच नव्हती, त्यामुळे काम कोडविना पोहोचलं आणि मशीनने ते नाकारलं.

इथे कंपनीचा ड्रायव्हर हवाच. तो मशीनच्या मॉडेलप्रमाणे आणि आपल्या मॅकओएसच्या आवृत्तीप्रमाणे कंपनीच्याच वेबसाइटवरून घ्यावा. तो बसवला म्हणून आधी जोडलेला प्रिंटर आपोआप बदलत नाही. नव्याने जोडावा लागतो. जोडताना Use मध्ये Select Software… निवडून यादीतून नेमकं मॉडेल उचलायचं. मग छपाईच्या खिडकीत कंपनीचे जादा रकाने येतात, त्यात कोड भरून ती मांडणी प्रीसेट म्हणून जपून ठेवली की रोज टाकावा लागत नाही. मशीनला असलेले जादा ट्रे किंवा दोन्ही बाजूंनी छापण्याची सोय जोडताना नोंदवायला विचारलं, तर घाईत पुढे जाऊ नये. तिथे खूण राहिली, तर तो पर्याय नंतर मिळत नाही.

मॉडेल यादीत नाही म्हणून Generic PostScript Printer निवडण्याचा मोह होतो. प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट येत असेल तर ठीक. येत नसेल, तर मजकुराऐवजी `%!PS-Adobe-3.0` अशा ओळीने सुरू होणारी कोडची पानांमागून पानं बाहेर पडू लागतात. ती दिसताच काम रद्द करून ड्रायव्हर बदलायचा; यंत्र बिघडलेलं नसतं.

प्रिंटर यादीतच दिसत नसेल, तर ड्रायव्हरचा विचार नंतर करावा. मॅक प्रिंटर शोधतो ती बोंजूर नावाची पद्धत साधारणपणे एकाच नेटवर्कपुरती चालते. लॅपटॉप पाहुण्यांच्या वाय-फायवर आणि प्रिंटर ऑफिसच्या नेटवर्कवर असेल, तर दोघांची गाठ पडत नाही. नेटवर्क वेगळी असली तरी त्यांच्यात वाट मोकळी ठेवलेली असेल, तर IP च्या टॅबमध्ये प्रिंटरचा पत्ता हाताने भरून काम होतं. मात्र तो पत्ता राउटरवर कायमचा राखून घ्यावा, नाहीतर एखाद्या दिवशी तो बदलतो आणि प्रिंटर ‘ऑफलाइन’ होऊन बसतो.

कंपनीच्या ड्रायव्हरचं दुखणं म्हणजे त्याचं आयुष्य कंपनीच्या हातात असतं. ऑक्टोबर 2020 मध्ये एचपीच्या काही जुन्या मॅक ड्रायव्हरांचं प्रमाणपत्र कंपनीकडूनच चुकून रद्द झालं, आणि चांगले चालणारे प्रिंटर असलेल्या लोकांना मॅक ‘हे सॉफ्टवेअर धोकादायक आहे’ असं बजावू लागला. मॅकओएसच्या मोठ्या अपडेटनंतरही जुना ड्रायव्हर अडू शकतो.

म्हणून जिथे जमेल तिथे एकच प्रिंटर दोनदा जोडावा: एकदा AirPrint ने, एकदा कंपनीच्या ड्रायव्हरने, आणि दोन्हींना वेगळी नावं द्यावीत. कोणता कोणता हे विसरलात, तर Printers & Scanners मध्ये त्या प्रिंटरवर क्लिक करून Kind पाहा; AirPrint ने जोडलेल्याच्या मॉडेलपुढे तो शब्द लिहिलेला असतो.