पट्टा धरून पुढे जा

ऑगस्ट २०२५च्या अमेरिकन ‘व्होग’मध्ये ‘गेस’ या कपड्यांच्या ब्रँडच्या जाहिरातीत पट्टेरी लांब ड्रेस घातलेली तरुणी होती. ती एआयने बनवलेली आहे, हे कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलं होतं. खरेदीच्या साइटवर अशी ओळ दिसली नाही, तर फोटो मोठा करा आणि एकच पट्टा धरून नजर पुढे न्या. खऱ्या कापडात तो चुणीत दडतो आणि पलीकडे, जरा सरकून का होईना, बाहेर येतो. बनावट चित्रात तो अनेकदा मधेच विरतो किंवा एकाचे दोन होतात. शिवणीवर पट्टे न जुळणं मात्र खऱ्या कपड्यातही होतं. खांद्यावरची बट नक्षीत विरघळली असेल, तर संशय बळावतो. साध्या काळ्या टी-शर्टवर ही पट्ट्यांची परीक्षा चालत नाही. तिथे ग्राहकांनी टाकलेले फोटो पाहावेत.