दहाचे शंभर शेअर झाले, मग लाभांश ४४० रुपयेच का?

जून २०२५ मध्ये पुण्याच्या बजाज फायनान्सच्या शेअरचा भाव सुमारे ९,३०० रुपयांवरून एका रात्रीत ९३०च्या आसपास आला. मोबाइलवर नव्वद टक्के तोटा पाहून अनेक भागधारक धास्तावले. पण कोणाचाही पैसा बुडाला नव्हता. १६ जून ही शेअर विभाजन आणि बोनस या दोन्हींची रेकॉर्ड डेट होती. त्या दिवशी ज्यांची नावे भागधारक म्हणून नोंदलेली असतात, त्यांनाच लाभ मिळतो.

समजा, तुमच्याकडे दहा शेअर होते. विभाजनात २ रुपये दर्शनी मूल्याच्या एका शेअरचे १ रुपयाचे दोन झाले, म्हणजे दहाचे वीस. मग एकास चार या प्रमाणात ऐंशी बोनस शेअर मिळाले. एकूण शंभर झाले, भाव एक दशांश झाला आणि गुंतवणुकीचे मूल्य जिथल्या तिथे राहिले. भाव रेकॉर्ड डेटला सकाळीच उतरतो, नवे शेअर मात्र त्यानंतर खात्यात येतात. मधल्या काळात दिसतो तो तोटा खोटा असतो.

डीमॅटच्या विवरणात विभाजनाच्या दोन नोंदी दिसतात: जुने दहा शेअर वजा आणि नवे वीस जमा. दर्शनी मूल्य बदलले की शेअरचा ओळख क्रमांक, म्हणजे आयसिन, बदलतो. म्हणून ही वजावट पाहून शेअर कुणी काढून घेतले, असे समजू नये. बोनसची मात्र फक्त जमा नोंद असते.

आता लाभांश. कंपनीने शेअरमागे ४४ रुपये अंतिम लाभांश जाहीर केला होता, पण त्याची रेकॉर्ड डेट ३० मे होती. तेव्हा शेअर दहाच होते, म्हणून पैसे नंतर आले तरी ४४० रुपयेच. ही रक्कम डीमॅटमध्ये नव्हे, त्याला जोडलेल्या बँक खात्यात येते. ते खाते बंद असेल तर लाभांश अडकतो आणि सात वर्षे न घेतल्यास सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडे जातो.

शेअर विकताना करासाठी एक फरक लक्षात ठेवा. मूळ दहा शेअर ७०,००० रुपयांना घेतले असतील, तर विभाजनानंतरच्या वीस शेअरची खरेदी किंमत प्रत्येकी ३,५०० रुपये आणि खरेदीची तारीख जुनीच राहते. ऐंशी बोनस शेअरची किंमत शून्य धरतात आणि मुदत ते मिळाल्या दिवसापासून मोजतात.

सूचना आली की आधी तीन गोष्टी पाहा: रेकॉर्ड डेट, प्रमाण आणि त्या दिवशीची आपली शेअरसंख्या. बोनस, विभाजन किंवा लाभांश मिळवण्यासाठी कोणताही ओटीपी किंवा शुल्क द्यावे लागत नाही. तसे मागणारा संदेश आला, तर तो फसवणुकीचा आहे असेच समजा.