दोन रांगांची एक चळत

मंगल कार्यालयात पंगतीआधी ताटांची चळत लावून ठेवतात. शेवटी ठेवलेलं ताट सगळ्यांत आधी उचललं जातं. रेशनच्या रांगेत मात्र आधी आला त्याचा नंबर आधी. संगणकात चळतीला स्टॅक म्हणतात आणि रांगेला क्यू. हाताशी फक्त दोन रांगा असताना त्यांच्यापासून चळत बनवायची, हा प्रोग्रॅमिंगच्या मुलाखतींची तयारी करणाऱ्यांच्या चांगल्या ओळखीचा प्रश्न आहे. लीटकोडवर तो २२५ क्रमांकाला आहे.

समजा पहिल्या रांगेत क, ख, ग या क्रमाने उभे आहेत. चळतीच्या नियमाने ग आधी निघायला हवा, पण रांगेचं तोंड क अडवून बसला आहे. मग क आणि ख यांना एकेक करून दुसऱ्या रांगेत पाठवायचं, एकटा उरलेला ग बाहेर काढायचा आणि दोन्ही रांगांच्या नावांची अदलाबदल करायची. इथे ठेवणं, म्हणजे पुश, एका पावलाचं काम. सगळी मेहनत काढताना, म्हणजे पॉपच्या वेळी पडते.

हीच मेहनत आधीही उरकता येते. नवा घटक रिकाम्या रांगेत उभा करायचा, जुन्या साऱ्यांना त्याच्यामागे आणायचं आणि मग नावं बदलायची. सर्वांत नवा घटक कायम तोंडाशी राहतो आणि पॉप चुटकीसरशी होतो.

हजार घटक ठेवले आणि त्यांतले फक्त दहा काढले, तर किती हलवाहलव होते? महाग पुशमध्ये ०, १, २ असं ९९९ पर्यंत मोजत ४,९९,५०० वेळा. महाग पॉपमध्ये अवघी ९,९४५ वेळा. हजारच्या हजार काढले, तर मात्र दोन्हींचा आकडा सारखाच, ४,९९,५००.

हा योगायोग नाही. एखादा घटक ठेवताना त्याच्याखाली जितके असतात, तितकेच तो काढतानाही असतात. महाग पुश ही किंमत प्रत्येक घटकासाठी आगाऊ मोजतो. महाग पॉप ती फक्त निघून जाणाऱ्यासाठी मोजतो. त्यामुळे एकूण हलवाहलवीत महाग पॉप कधीच जास्त पडत नाही. वरचा घटक नुसता पाहायचा असेल, तर शेवटी ठेवलेला किंवा पॉपच्या वेळी शेवटी हलवलेला घटक वेगळा लक्षात ठेवला की भागतं. तरीही काढायची वेळ आली की उत्तर तत्काळ हवं आणि ठेवताना थोडं थांबलं तरी चालेल, अशा ठिकाणी महाग पुशच घ्यावा.

महाग पॉप लिहिताना नावांची अदलाबदल हमखास विसरते, आणि ही चूक लपून राहते. एक ठेवा, एक काढा, पुन्हा ठेवा, पुन्हा काढा: उत्तरं बरोबरच येत राहतात. तीन ठेवून लागोपाठ दोन काढले की पहिल्यांदा ग मिळतो, आणि दुसऱ्यांदा प्रोग्रॅम सांगतो की चळत रिकामी आहे. क आणि ख मात्र दुसऱ्या रांगेत तसेच उभे असतात.