काका, तेवढं नाव बदलता का?

२७ फेब्रुवारीच्या सकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांची पोस्ट येते: ‘मराठी भाषा गौरव दीनाच्या हार्दिक शुभेच्छा! कविवर्य गोविंदाग्रज यांना जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन.’ खाली फोटो कुसुमाग्रजांचा.

यात चुका दोन आहेत, पण त्यांचं वजन सारखं नाही. ‘दिन’चा ‘दीन’ झाला तो बोटामुळे. रोमन अक्षरांत din टाइप केलं की कीबोर्ड दोन्ही शब्द पुढे करतो आणि घाईत भलताच निवडला जातो. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, त्यामुळे एवढी एकच चूक असेल तर गप्प बसलेलं उत्तम. नावाचं तसं नाही. गोविंदाग्रज म्हणजे राम गणेश गडकरी, त्यांचा जन्म २६ मे १८८५ चा. २७ फेब्रुवारी हा वि. वा. शिरवाडकरांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, साल १९१२. हे चुकीचं नाव पोस्टबरोबर पुढे जाईल आणि कुणाच्या तरी मुलाच्या शाळेतल्या भाषणात उतरेल. म्हणून ते सांगायलाच हवं.

ग्रुपवर बहुतेक वेळा काय होतं, ते पाहा. पहिला लिहितो, ‘गोविंदाग्रज नाही, कुसुमाग्रज!!’ दुसरा हसण्याचे चेहरे टाकतो. तिसरा तीच दुरुस्ती पुन्हा करतो, कारण त्याने वरचं वाचलेलं नसतं. चूक एकच, पण काकांना ती शंभर शेजाऱ्यांसमोर तीनदा ऐकावी लागते. ते पोस्टच काढून टाकतात आणि पुढे महिनाभर काही लिहीत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ग्रुपवर स्वतःच्या शब्दांत काही लिहिणारी माणसं आधीच थोडी असतात.

आता हेच काकांच्या खासगी नंबरवर कसं लिहिता येईल? ‘काका, सकाळी सकाळी छान आठवण केलीत. फोटो कुसुमाग्रजांचा आहे, नाव मात्र गोविंदाग्रजांचं पडलंय. दोघंही अग्रज, गल्लत व्हायचीच! तेवढं बदलता का? आणि कीबोर्डने दिनाची पहिली वेलांटी दुसरी करून टाकलीय बघा.’

या चार ओळींत बरंच काम झालेलं आहे. बरोबर नाव आयतं लिहून दिलंय, त्यामुळे काकांना शोधत बसावं लागत नाही. ‘काहीतरी चुकलंय बहुतेक’ असं मोघम लिहिलं असतं, तर बिचारे फोटोच बदलत बसले असते. गंमत दोन नावांच्या सारखेपणाची आणि कीबोर्डची केलीय, काकांची नाही. शेवटी मागितलंय ते अगदी थोडं. वेलांटीचा विषय निघाला तो नाव बदलायचंच होतं म्हणून, तोही जाता जाता.

यात घाई मात्र करावी लागते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर १५ मिनिटांच्या आतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर जुनी पोस्ट सगळ्यांसाठी काढून नवी टाकावी लागते. ज्यांनी आधीच ती पुढे धाडली, त्यांच्याकडची प्रत तशीच राहते. फेसबुकवर ही मुदत नाही, तिथे पोस्ट कधीही सुधारता येते.

काका ऑनलाइन नाहीत आणि पोस्ट पुढे जायला लागली आहे, अशा वेळी ग्रुपवर बोलावंच लागतं. तेव्हाही शेजारी बसून बोलल्यासारखं लिहावं: ‘काका, गडकरी मास्तर आज तीन महिने आधीच आले वाटतं! आजचा दिवस आपल्या तात्यासाहेबांचा, कुसुमाग्रजांचा.’ ज्यांना माहीत नव्हतं त्यांना बरोबर नाव कळलं आणि कुणालाही ‘तुमचं चुकलं’ म्हणावं लागलं नाही. दुसऱ्या कुणी आधी सांगितलं असेल, तर आपण त्यात भर घालायची नाही. काकांनी पोस्ट सुधारली की आपली ओळ काढून टाकावी. ती तशीच राहिली, तर नंतर येणारा दुरुस्त पोस्टखाली ती वाचून गोंधळतो आणि कुठे काय चुकलं होतं ते शोधत बसतो.

श्रद्धांजलीच्या पोस्टमध्ये मात्र हा हलका सूर अजिबात चालत नाही. गेलेल्या माणसाचं नाव किंवा नातं चुकलं असेल, तर सरळ फोन करावा, ‘वहिनी, नाव अमुक असं हवं, घरच्यांनी वाचायच्या आत बदलून घ्या’ एवढंच सांगावं आणि ठेवून द्यावा.

आणखी एक. कुणी ‘पानी’, ‘म्हनून’, ‘व्हतं’ असं लिहिलं असेल, तर तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही. ती त्या माणसाच्या घरची बोली आहे आणि तिथे कितीही गोड सुरात सुचवलं, तरी बोचतंच.