प्लेटलेट्स वाढल्या, बिलही वाढलं!

सप्टेंबरात कळंब्यात डेंग्यू झाला आणि मी थेट सलाईनवर. दहा ते सतरा तारखेपर्यंत हॉस्पिटल. आई उशाशी, मोबाईल तिच्या पर्समध्ये, आणि क्रेडिट कार्डाची ड्यू डेट होती चौदा! घरी आले, दोन दिवस नुसती झोपले. वीस तारखेला बिल भरलं. म्हटलं, सुटले. पुढच्या स्टेटमेंटनं डोक्याला शॉट दिला.

झालं असं की, वीस ऑगस्टला राजारामपुरीतून १८,४०० रुपयांचं वॉशिंग मशीन कार्डावर घेतलं होतं. त्या महिन्याचा खर्च एवढाच. आता त्यावर लेट फी ७५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी १३५ रुपये, आणि व्याज ६५६ रुपये अधिक जीएसटी. उशीर सहा दिवसांचा, मग व्याज एवढं कसं? कारण मुदतीत पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी सवलतच रद्द होते आणि व्याज खरेदीच्या दिवसापासून लागतं. म्हणजे महिन्याला साडेतीन टक्क्यांनी ३१ दिवसांचं!

मग मी बँकेला पत्र लिहिलं. दोन पानी. ताप किती होता, प्लेटलेट्स कुठवर उतरल्या, आईचे हाल, सगळं. उत्तर आलं, 'नियमानुसार आकारणी योग्य आहे.' विषय संपला.

राग आला खरा, पण पत्र पुन्हा वाचलं तेव्हा चूक कळली. त्यात ड्यू डेटच नव्हती! पैसे कधी भरले, तेही नव्हतं. वाचणाऱ्याला माझा ताप कळला, पण नेमकं काय माफ करायचं, ते कळलंच नाही.

रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त थकबाकी राहिली, तरच लेट फी लावता येते. म्हणजे सतरा तारखेला, डिस्चार्जच्या दिवशी, घरी येऊन मोबाईलवरून भरलं असतं तर लेट फी लागलीच नसती. (व्याज मात्र लागलंच असतं.) मी वीसला भरलं, म्हणजे बँकेची आकारणी चूक नव्हती. मला हक्क मागायचा नव्हता, सवलत मागायची होती. दोन्हींची भाषा वेगळी असते, मंडळी!

दुसरं पत्र हे असं:

'माझ्या कार्डाचे (शेवटचे चार आकडे अमुक) १८,४०० रुपयांचे बिल १४ सप्टेंबरला देय होते. १० ते १७ सप्टेंबर मी रुग्णालयात दाखल होते. डिस्चार्जनंतर अशक्तपणामुळे मी २० सप्टेंबरला पूर्ण रक्कम भरली. याआधी माझा हप्ता कधीही चुकलेला नाही. एक वेळची सवलत म्हणून लेट फी ७५० रुपये व त्यावरील जीएसटी १३५ रुपये परत जमा करावेत. शक्य असल्यास व्याजाचाही विचार व्हावा. सोबत दाखल-डिस्चार्ज तारखांचे प्रमाणपत्र व पेमेंटची पावती.'

बस्स! सतरा ते वीसमधली ती तीन दिवसांची फट मी लपवली नाही, कारण तारखा लावून बघणाऱ्याला ती दिसणारच. आणि डिस्चार्ज कार्डावरचा आजाराचा, तपासण्यांचा भाग झाकूनच झेरॉक्स काढली. बँकेला तारखा हव्यात, माझे रिपोर्ट नाहीत. पूर्ण कार्ड नंबर, सीव्हीव्ही, ओटीपी तर पत्रात कधीच नाही.

ईमेल केल्यावर तक्रार क्रमांक मागून घेतला. नऊ दिवसांनी ८८५ रुपये कार्डावर जमा! व्याज मात्र माफ झालं नाही. लेट फी आणि व्याज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, म्हणून मागताना दोन्हींचा वेगवेगळा उल्लेख हवा.

बँकेनं ऐकलंच नाही तर? ३० दिवसांत उत्तर नाही किंवा ते पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर लोकपालाकडे फुकटात तक्रार करता येते. पण इथं एक मेख आहे. सवलत द्यायची की नाही, हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, आणि त्यात लोकपाल पडत नाहीत. तुम्ही तीन दिवसांच्या आत भरूनही लेट फी लागली असेल, तर मात्र तुमची बाजू भक्कम.

आणखी एक काम उरलंच होतं. फी परत आली म्हणून क्रेडिट रिपोर्टमधली उशिराची नोंद आपोआप पुसली जात नाही. पुढं फ्लॅटसाठी कर्ज काढायचं तर बँक तेच बघणार. वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. मी काढला. सहा दिवसांचा उशीर तिथं दिसतोय. तो खरा आहे, त्यामुळे तो खोडा म्हणता येत नाही.

आता कार्डाला ऑटो-डेबिट लावलंय, पूर्ण बिलाचं. आईला विचारलं, 'पुढच्या वेळी ॲडमिट झाले तर मोबाईल देशील ना हातात?' ती म्हणाली, 'आधी मच्छरदाणी लाव.'