आजारपणात जिम ‘फ्रीझ’ करताना

पावसाळा सरत आला की महाराष्ट्रातल्या शहरांत डेंग्यूचे रुग्ण वाढतात, आणि त्याच सुमाराला जिमच्या काउंटरवर एकाच प्रकारची विनंती येऊ लागते: मेंबरशिप थोडे दिवस थांबवाल का? बहुतेक जण ती तोंडी करतात किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर एक ओळ टाकून मोकळे होतात. काउंटरवरचा मुलगा ‘हो, बघतो’ म्हणतो आणि महिन्याभराने तो दुसऱ्या शाखेत गेलेला असतो. मार्चमध्ये मेंबरशिप संपते तेव्हा ते तीस दिवस कुठेच जमा झालेले नसतात.

फ्रीझ म्हणजे जिमच्या सॉफ्टवेअरमधली एक नोंद असते. त्यात सुरुवातीची तारीख आणि शेवटची तारीख भरावी लागते, आणि मधले दिवस मेंबरशिपच्या मुदतीला पुढे जोडले जातात. म्हणून ‘तब्येत ठीक नाही, बरं वाटलं की येते’ एवढ्या मजकुरावर नोंद होत नाही. परत येण्याची तारीख न देणारा सदस्य बहुधा पैसे परत मागणार, असंही व्यवस्थापकाला वाटतं आणि तो सावध होतो. अर्जात परतण्याचा बेत लिहायचा तो यासाठी.

पुण्यातल्या एका नोकरदार तरुणीचं उदाहरण रचून पाहू. तिची वर्षाची मेंबरशिप 1 एप्रिल ते 31 मार्च अशी आहे. शिवाय तिने पर्सनल ट्रेनिंगची 24 सत्रं घेतली आहेत, त्यांची मुदत 15 जुलै ते 12 ऑक्टोबर. 3 सप्टेंबरला तिला ताप भरला, तपासणीत डेंग्यू निघाला, तीन दिवस दवाखान्यात काढून 9 तारखेला ती घरी आली. 10 तारखेला तिने पाठवलेला ईमेल असा असावा:

‘मा. व्यवस्थापक,
विषय: आजारपणामुळे मेंबरशिप 30 दिवस फ्रीझ करण्याबाबत.
महोदय, मला 3 सप्टेंबरपासून डेंग्यूचा ताप होता. 6 ते 9 सप्टेंबर मी रुग्णालयात दाखल होते. डॉक्टरांनी 2 ऑक्टोबरपर्यंत व्यायाम करू नये असं सांगितलं आहे. त्यांचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. 2 सप्टेंबरनंतर मी जिममध्ये आलेले नाही, हे आपल्या हजेरीत दिसेल. कृपया माझी मेंबरशिप 3 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर फ्रीझ करून तिची मुदत 30 एप्रिलपर्यंत वाढवावी. माझ्या पर्सनल ट्रेनिंगची 10 सत्रं बाकी आहेत; त्यांची मुदतही 11 नोव्हेंबरपर्यंत वाढवावी. मी 3 ऑक्टोबरला परत येईन. पहिले दोन आठवडे हलका व्यायाम करायचा आहे, तेव्हा माझ्या ट्रेनरना तसं कळवावं. नव्या तारखा उत्तरात लिहून कळवाव्यात ही विनंती.’

खाली नाव, मेंबरशिप क्रमांक आणि नोंदवलेला मोबाइल नंबर. बस, एवढंच पुरतं.

यात सगळ्यात नाजूक जागा आहे ती मागच्या तारखेची. बऱ्याच जिमच्या नियमांत फ्रीझ अर्जाच्या दिवसापासूनच धरला जातो. पण 103 ताप असताना अर्ज कोण लिहिणार? म्हणून मागची तारीख मागताना पुरावा त्यांच्याच घरातला द्यावा. दारावरच्या अंगठ्याच्या मशीनमध्ये शेवटची हजेरी नोंदलेली असते, आणि ती पाहिल्यावर वाद घालायला फारसं काही उरत नाही. तरीही जिमने नकार दिला तर निदान 10 तारखेपासूनचा फ्रीझ पदरात पडतो. म्हणून अर्जाला बरं होईपर्यंत थांबू नये, घरच्या कुणाकडून पाठवला तरी चालतो. कागदोपत्री मात्र डॉक्टरांचं प्रमाणपत्र किंवा डिस्चार्ज कार्डचं पहिलं पान पुरे. सगळी फाइल, रक्ताचे सगळे रिपोर्ट जिमच्या काउंटरवर ठेवायची काही गरज नाही.

दुसरी फसगत पर्सनल ट्रेनिंगची. लोकांना वाटतं, मेंबरशिप थांबली की तेही थांबलं. पण अनेक ठिकाणी त्याचा करार आणि मुदत वेगळी असते, म्हणून अर्जात त्याची वेगळी ओळ हवी. या उदाहरणात ती नसती तर 3 ऑक्टोबरला आलेल्या अशक्त मुलीला 10 सत्रं दहा दिवसांत उरकावी लागली असती.

हप्त्यांचं प्रकरण याहून चिवट आहे. वर्षाची फी ‘नो कॉस्ट ईएमआय’वर भरली असेल तर ते कर्ज वित्त कंपनीचं असतं, जिमला तिचे पैसे आधीच मिळालेले असतात. जिमने फ्रीझ केलं तरी हप्ता ठरल्या तारखेला कापला जातो, आणि चुकवला तर दंड बसतो, सिबिल स्कोअरही खाली येतो. त्यामुळे हप्ता भरत राहावा आणि दिवस पुढे वाढवून घ्यावेत. महिन्याच्या महिन्याला यूपीआय ऑटोपेने फी जात असेल तर ती मात्र जिमशी बोलून थांबवता येते. पैसे कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती सूचना वाचावी.

आता 3 ऑक्टोबर ही तारीख कुठून आली ते पाहू. सहसा ती जिमच्या ‘वर्षाला 30 दिवस फ्रीझ’ या नियमातून येते, आणि इथेच गडबड होते. डेंग्यूत ताप उतरतो त्याच सुमाराला प्लेटलेट्स सर्वांत खाली जातात, आणि त्या सावरल्यावरही थकवा कित्येक आठवडे रेंगाळू शकतो. यकृतालाही सूज येते. एसजीओटी, एसजीपीटी वाढलेले दिसतात. वजनं उचलल्यावर स्नायूंतूनही एसजीओटी रक्तात उतरतं. म्हणजे आदल्या दिवशी जोरात स्क्वॉट्स मारून फेरतपासणीला गेलं, तर वाढलेला आकडा यकृताचा की मांड्यांचा, हे डॉक्टरांना सांगणं अवघड होतं. तेव्हा आधी तपासणी, मग वजनं.

अर्जातल्या ‘हलका व्यायाम’चा अर्थ ट्रेनरलाही उलगडून सांगायला हवा. पहिल्या आठवड्यात ट्रेडमिलवर वीस मिनिटं चालणं, तेही बोलता येईल इतक्याच वेगाने, आणि थोडं स्ट्रेचिंग. दुसऱ्या आठवड्यात आजाराआधीच्या निम्मी वजनं. दुसऱ्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं झालं किंवा झोपूनही थकवा गेला नाही, तर पुन्हा आधीच्या पायरीवर. छातीत दुखणं, धडधड, चक्कर यांपैकी काही झालं तर व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना गाठावं. डेंग्यूमध्ये क्वचित हृदयाच्या स्नायूलाही सूज येते. हा तपशील ट्रेनरला ठाऊक नसेल, तर ‘महिना वाया गेला, आता भरून काढू’ म्हणत तो पहिल्याच दिवशी जुनी वजनं लावतो. त्यात त्याचा हेतू चांगलाच असतो.

उत्तर आलं की नव्या तारखा जिमच्या अ‍ॅपमध्ये बदलल्या आहेत का, ते पाहावं. मधल्या काळात कागद द्यायला जिममध्ये गेलात तर अंगठा लावू नका. काही सॉफ्टवेअरमध्ये हजेरी लागली की फ्रीझ आपोआप उठतो.

आठवडा उलटूनही उत्तर आलं नाही, तर त्याच ईमेलवर आठवण करावी. फॉर्मवर फ्रीझची सोय छापलेली असूनही जिम नाकारत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. तिथेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क लागत नाही. आणि 2 ऑक्टोबर जवळ येऊनही अंगात बळ नसेल, तर फ्रीझ संपायच्या दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांच्या नव्या चिठ्ठीसह दुसरा ईमेल करावा. नियमातले 30 दिवस संपले असतील तरी वैद्यकीय कारणासाठी वाढीव मुदत देणं बऱ्याचदा व्यवस्थापकाच्या हातात असतं; मुदत उलटून गेल्यावर मात्र त्याच्याकडून ती मिळवणं जड जातं.